सही आधी की डाग आधी?

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. ‘विशाखा’ची प्रत, श्रेयपानावर १९४२, पहिल्या कोऱ्या पानावर निळ्या शाईत ‘कुसुमाग्रज’ अशी सही, खाली २७-२-४३, आणि विक्रेत्याची मागणी अठरा हजारांची. रविवारी पैसे देऊन मोकळं व्हायचं तू ठरवलंयस. थोडं थांब. प्रत खोटी आहे असं मी म्हणत नाही, नुसत्या फोटोवरून ते कुणी सांगूही नये. पण तुझ्या तिसऱ्या फोटोत एक गोष्ट आहे, तिच्याकडे तुझं लक्ष गेलेलं दिसत नाही.

आधी पुस्तकाचं बघू. पुस्तक पहिल्या छपाईचं आहे हा एक दावा आणि सही कुसुमाग्रजांची, म्हणजे आपल्या तात्यासाहेबांची, आहे हा दुसरा. विकणारा दोन्ही एका दमात सांगतो, आणि एक पटला की दुसरा आपण न तपासताच गिळतो. तू दोन वेगळ्या वह्यांत लिहिल्यासारखे ते तपास.

श्रेयपानावर ‘प्रथमावृत्ती १९४२’ छापलेलं असलं तरी त्यावरून पुस्तक प्रथम कधी निघालं एवढंच कळतं. हातातली प्रत तेव्हाची आहे, हे त्याने ठरत नाही. पुढच्या आवृत्त्यांतही ती ओळ असतेच, तिच्याखाली दुसरी, तिसरी अशी भर पडत जाते. ती भर ब्लेडने खरवडून काढणारे महाभाग असतात. पान उजेडासमोर धर. खरवडलेल्या जागी कागद पातळ झालेला असतो आणि तिथून उजेड जास्त येतो.

मग आतली चार-पाच पानं वाच. कविता म्हणून नको, शुद्धलेखन म्हणून वाच. साहित्य महामंडळाचे नियम आले १९६२ साली आणि तेव्हापासून न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. १९४२ च्या पुस्तकात ‘नांव’, ‘कांहीं’, ‘आतां’, ‘नाहीं’ असंच दिसायला हवं. आत ‘नाव’ आणि ‘काही’ असेल आणि श्रेयपानावर १९४२, तर आतला मजकूर त्या सालचा नाही, विषय संपला. उलट मात्र धरू नकोस. अनुस्वार आहेत म्हणून प्रत जुनी, असं होत नाही. जुन्या पानांचे फोटो काढून ऑफसेटवर पुन्हा छापलेलं पुस्तक अनुस्वारांसकट येतं. त्यासाठी पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरव. खिळ्यांच्या छपाईत अक्षरांचा दाब कागदात उतरलेला असतो, तो बोटाला लागतो. ऑफसेटचं पान सपाट.

आणि किंमत. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला, त्याआधीच्या पुस्तकावर रुपये-आणेच हवेत. शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा १९३८ ते १९५० चा खंड सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, मिळतो का विचार. त्यातली पानसंख्या आणि किंमत तुझ्या प्रतीशी जुळवून बघ. हे अर्ध्या तासाचं काम आहे, पण पैसे देण्याआधी करायचं.

एवढं सगळं जमूनही मी एकदा फसलो आहे. वीसेक वर्षांपूर्वी मुंबईत एका विक्रेत्याकडून एका कादंबरीची ‘पहिली आवृत्ती’ चार हजारांना घेतली. श्रेयपान अस्सल होतं. खिळ्यांची छपाई, आण्यांतली किंमत, सगळं बरोबर. खुशीत घरी आलो, पानं उलटत बसलो आणि कसरीने पाडलेल्या एका भोकावर नजर थांबली. दुसऱ्या पानापासून ते भोक थेट तिसाव्या पानापर्यंत गेलं होतं. श्रेयपान असलेल्या पहिल्याच पानाला मात्र भोक नव्हतं. कीड काही एक पान सोडून पुढे जात नाही. मग शिवण उकलून पाहिली. जुजबंदीत, म्हणजे घडी घातलेल्या कागदांचे फर्मे दोऱ्याने शिवलेल्या बांधणीत, फर्म्याच्या प्रत्येक पानाला दोऱ्याच्या पलीकडे जोडीदार असतो, कारण तो एकच घडी घातलेला कागद. माझ्या श्रेयपानाला जोडीदारच नव्हता. डिंकाच्या बारीक पट्टीवर ते चिकटवलेलं होतं, आणि बाकीच्या पानांपेक्षा केसभर आखूड होतं. कुठल्यातरी फाटक्या पहिल्या आवृत्तीचं पान नंतरच्या आवृत्तीला जोडलं होतं. विक्रेत्याने हात वर केले. आता ती प्रत मी तुझ्यासारख्यांना दाखवायला ठेवली आहे, एवढाच तिचा उपयोग. म्हणून रविवारी पहिल्या पानाचा जोडीदार शोध, आणि पुस्तक मिटून वरून पानांच्या कडा एका रेषेत आहेत का ते बघ.

आता तिसरा फोटो. विक्रेता सांगतो की पुस्तक सराफ बाजारातल्या एका वाड्यातलं, १९६९ च्या पुरात भिजलेलं. कोऱ्या पानावर खालून वर चढलेला तपकिरी डाग दिसतोय, तेव्हा गोष्ट खरीही असेल. पण डागाची कड सहीतल्या ‘ग्र’मधून जाते, आणि शाई जराही पसरलेली नाही. टाकाची किंवा फाउंटन पेनची साधी निळी शाई पाण्याने फुटते, पाण्याबरोबर वाहत डागाच्या कडेला निळसर रेघ सोडते. सही १९४३ ची आणि पाणी १९६९ चं, तर ती शाई इतकी कोरडी कशी राहिली?

इथे घाई करू नकोस. निळी-काळी टिकाऊ शाई पाण्याला बरीच दाद देत नाही, आणि फोटोत निळं दिसलेलं प्रत्यक्षात निळं-काळं निघू शकतं. म्हणून दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन डागाच्या आतल्या आणि बाहेरच्या रेषा ताडून बघ. पाण्याने भिजून वाळलेल्या कागदातली खळ धुऊन जाते, आणि अशा कागदावर नंतर लिहिलं तर शाई धाग्याधाग्यांत शिरून झिपऱ्या फुटतात. डागाबाहेर रेषा नीट आणि डागात शिरल्यावर झिपऱ्या, असं दिसलं तर सही डागानंतरची. ओलं बोट लावून बघायचा मोह मात्र आवर. सही खरी निघाली तर तूच ती बिघडवलेली असशील.

सही डागानंतरची निघाली म्हणून ती खोटीच, असंही नाही. तात्यासाहेब मार्च १९९९ पर्यंत आपल्यात होते, आणि नाशकात त्यांच्याकडून पुस्तकावर सही घेऊन आलेली माणसं मला गल्लोगल्ली भेटली आहेत. कुणीतरी जुनी प्रत १९८५ साली त्यांच्यापुढे धरली असेल. पण मग खाली २७-२-४३ कुणी लिहिलं? तारखेची शाई आणि सहीची शाई एकच आहे का, हे भिंगातून बघ. शिवाय ही तारीख त्यांच्या वाढदिवसाची. खरी नसेलच असं नाही, पण बनावट करणाऱ्याला पहिली आठवते ती हीच, म्हणून ती दिसली की मी चष्मा पुसतो.

विक्रेत्याला सरळ सांग की पुस्तक दिवसाउजेडी, खिडकीजवळ, अर्धा तास हातात हवं. बहुतेक जण देतात. पावतीवर ‘पहिली आवृत्ती, १९४२, लेखकाची सही’ असं लिहून, दोन्हींपैकी एक चुकीचं ठरलं तर पैसे परत, हेही लिहून माग. तो नुसती ‘जुनं पुस्तक’ अशी पावती देत असेल, तर किंमतही जुन्या पुस्तकाचीच लावायची. पुस्तक खरं आणि सही संशयाची निघाली, तर सहीचे पैसे शून्य धरून बोलणी कर. सहीमुळे ते कोरं पान खराब झालेलं असतं, हेही त्याला हसत हसत ऐकव.

मी रविवारी अकराला रविवार कारंज्यावर थांबतो. भिंग माझ्याकडे आहे, तू मोबाईल पूर्ण चार्ज करून आण. टॉर्च पानाशी आडवा धरला की खरवडलेलं आणि चिकटवलेलं दोन्ही सावलीतून वर येतं, आणि मागच्या वेळी तुझी बॅटरी ऐनवेळी संपली होती.

तुझा,
काका