गाडी फडात उभी नसेल तर कोयता लावू नका

प्रश्न : साहेब, मी घाटकोपरला राहतो, ऊस कराड तालुक्यात आहे. को ८६०३२, पूर्वहंगामी, ३ एकर. नोव्हेंबरची लागण, आता चौदा महिने झाले. तोडणी चिठ्ठी या आठवड्यात मिळेल. मुकादम म्हणतो, दोन टोळ्या लावतो, तीन दिवसांत सगळा फड पाडतो, गाडी येईल तसा भरू. खत दुकानदार म्हणतो, तोडीआधी गोडी वाढवायचं औषध मारा आणि एक पाणी द्या, वजन वाढेल. मला रजा चारच दिवसांची आहे. काय करू?

उत्तर : मुकादमाचा बेत मोडून काढा. दुकानदाराकडून काहीही घेऊ नका, ना औषध, ना शेवटचा युरिया.

आधी मुकादमाचं बघू, कारण खरा तोटा तिथे आहे. एकरी ४० टन धरले तर तुमचा ऊस १२० टन होतो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर एका खेपेला साधारण २० टन नेतो आणि यार्डातली रांग धरून दिवसाला एकच खेप होते. म्हणजे वाहतूक सहा दिवसांची आहे. तोड तीन दिवसांत उरकली तरी गाड्या सहा दिवसच लागणार. रोज ४० टन पडणार, २० उचलले जाणार आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ६० टन ऊस फडात आडवा असणार. त्यातला शेवटचा सहाव्या दिवशी उठेल.

तोडलेला ऊस रोज साधारण दीड टक्का वजन सोडतो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. सहा दिवसांत पडून राहिलेल्या उसाचा हिशेब केला तर पावणेतीन टनांच्या आसपास घट येते. तोडणी-वाहतूक वजा जाऊन टनाला ३,००० रुपये धरले तरी आठ हजार रुपये नुसते वाळून गेले. ही फक्त फडातली घट आहे. तुमच्या कारखान्यात नंबर लागल्यावरच काटा होत असेल, तर यार्डातली घटही तुमच्याच नावावर पडते.

दुसरं असं की गाडी भरताना टोळी नेहमी रस्त्याजवळचा, आजचा ऊस आधी उचलते. पहिल्या दिवशीच्या मोळ्या आत राहतात आणि पाच दिवसांनी निघतात. आधी कोणताही ऊस उचलला तरी वजनाची एकूण घट तेवढीच, पण पाच दिवसांचा ऊस आतून बिघडलेला असतो. तोडल्यापासून उसातली साखर फुटायला लागते, आणि कापलेल्या टोकातून जिवाणू शिरून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. टोक लालसर-तपकिरी दिसलं, हाताला चिकट लागलं, आंबूस वास आला, की समजा ऊस गेला. इथे ब्रिक्स मीटरवर विसंबू नका. पाणी उडाल्यामुळे शिळ्या उसाचा ब्रिक्स उलट वाढलेला दिसतो आणि मुकादम तोच आकडा दाखवून ‘बघा, गोडी वाढली’ म्हणतो. गोडी वाढलेली नसते, साखर कमी झालेली असते.

भाव कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो, म्हणून ‘बिघडला तर कारखान्याचा बिघडला’ असं बरेच जण धरून चालतात. हे चूक आहे. डेक्स्ट्रानचा रस चिकट होतो, तो गाळायला आणि त्याची साखर धरायला वेळ लागतो, कारखान्याचा वेग मंदावतो, यार्ड तुंबतं आणि पुढचा सगळा ऊस आणखी शिळा होतो. पाठीमागच्या रांगेत तुमचीच दुसरी खेप असते.

म्हणून नियम एकच ठेवा : आजच्या गाडीत मावेल तेवढाच ऊस आज तोडायचा. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला साधारण दीड टन तोडते. चौदा कोयत्यांची एक टोळी तुम्हाला पुरे; तिचे २१ टन म्हणजे तुमची एक खेप. सकाळी सहाला कोयता लागला तर चार-पाचपर्यंत गाडी भरून निघते, आणि पहिली मोळीही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गव्हाणीत पडते. चोवीस तासांत गाळप झालं तर उत्तम, तीस तास चालतील. त्यापुढे मात्र प्रत्येक तास तुमच्या पैशाचा आहे.

रोज संध्याकाळी कारखान्याच्या चिटबॉयला मुंबईतून एक फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा : कारखाना चालू आहे का, आणि यार्डात किती गाड्या उभ्या आहेत. ५,००० टन क्षमतेचा कारखाना तासाला सुमारे २०८ टन, म्हणजे २० टनांच्या दहा गाड्या खातो. यार्डात १२० गाड्या असतील तर तुमच्यापुढे बारा तासांची रांग आहे. रात्रीच्या गाळपासाठी एवढा साठा कारखान्याला लागतोच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण कारखाना आठ तास बंद पडला तर ऐंशीच्या वर गाड्या वाढून बसतात. असं कळलं की दुसऱ्या दिवशीची तोड थांबवा. टोळी कुरकुर करेल, करू द्या. उभा ऊस दोन दिवस थांबला तर काही बिघडत नाही, आडवा झालेला थांबत नाही.

तरीही गाडी फसलीच, तर मोळ्या उन्हात पसरू नका. सावलीत एकावर एक रचा, वर पाचटाचा जाड थर द्या, पाणी शिंपडा. हा नाइलाजाचा उपाय आहे. तो आहे म्हणून जास्त तोडायला परवानगी मिळाली असं समजू नका. आणि टोळी ‘जाळून देतो, लवकर होईल’ म्हणाली तर सरळ नाही म्हणा. जळक्या उसाची साल तडकते, तो फार लवकर आंबतो, कारखाना दरात कपात करतो आणि खोडव्याला लागणारं पाचटही राख होतं. ऊस जमिनीलगत तोडून घ्या, बुडाच्या कांड्यांत साखर सर्वांत जास्त असते.

आता दुकानदाराचं. चौदा महिन्यांचा ८६०३२ जानेवारीच्या थंडीत आपोआप पक्व झालेला असतो. खात्री हवी तर बुडाचा आणि शेंड्याकडच्या कांडीचा ब्रिक्स उभ्या उसावर घ्या. दोन्ही जवळजवळ सारखे आले की झालं. पक्वतेच्या औषधाला काम दाखवायला काही आठवडे लागतात आणि तुमची चिठ्ठी याच आठवड्यात आहे. मग ते मारायचं कशाला? काही जण यासाठी ग्लायफोसेट खपवतात, त्याने खोडव्याचे कोंब मार खातात. औषध मारू नका. शेवटचं पाणीही देऊ नका. तोडीआधी पंधरा दिवस पाणी बंद हवं. आता पाणी दिलंत तर रस पातळ होईल, ट्रॅक्टर फडात रुतेल आणि गाडी बांधावर उभी करून टोळी डोक्यावरून मोळ्या वाहण्याचे जादा पैसे मागेल. मोठ्या बांधणीनंतर युरिया नको, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आता तर अजिबात नको.

रजा सलग घेऊ नका. पहिले दोन दिवस थांबा, टोळीला एका खेपेचीच तोड अंगवळणी पाडा, मधले दोन दिवस घरच्या कुणाला उभं करा, शेवटच्या दोन दिवसांना परत या. प्रत्येक खेपेची काटा पावती त्याच दिवशी मोबाइलवर मागवा आणि भरणीची वेळ तिच्यावर लिहून ठेवा.

एफआरपीचे पैसे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत मिळायला हवेत, उशिरावर वार्षिक १५ टक्के व्याज आहे. न मिळाल्यास पावत्या जोडून साखर आयुक्तालय, पुणे यांच्याकडे लेखी तक्रार करा.