अमॉर्फस कोर डीपी: सप्लायरची दोन वर्षं आणि हिशेबातली आठ वर्षं

प्रश्न: "१०० केव्हीएचे ४० ट्रान्सफॉर्मर घ्यायचे आहेत, काही गावठाणात, काही कृषी फीडरवर. सप्लायर म्हणतो अमॉर्फस घ्या, नो-लोड लॉस २६० वॅटवरून ६० वर येतो, जास्तीचे पैसे दोन वर्षांच्या आत वसूल. हे खरं आहे का? नागपूर ग्रामीणमधला कोणी अनुभवी सांगेल का?"

उत्तर:

नमस्कार भाऊ. ६० वॅट खरे आहेत, त्यात सप्लायर खोटं बोलत नाही. गडबड आहे ती २६० मध्ये आणि युनिटच्या दरात. मी बरीच वर्षं डीपी टेस्टिंगला होतो, काटोल-नरखेड साइडचे शेकडो ट्रान्सफॉर्मर हाताखालून गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नो-लोड लॉस म्हणजे डीपी नुसती चालू ठेवली तरी कोरमध्ये जाणारे वॅट, लोड लॉस म्हणजे लोड आला की वाइंडिंगमध्ये जाणारे. २६० वॅट नो-लोड हा १०० केव्हीएचा जुन्या आयएस ११८० च्या काळातला आकडा आहे, पूर्ण लोडचा लोड लॉस १७६०. तसा माल आज तुम्ही घेऊच शकत नाही. २०१४ च्या आयएस ११८० मध्ये नो-लोड आणि लोड लॉस वेगळे दिलेलेच नाहीत, ५० टक्के लोडवर एकूण किती आणि १०० टक्के लोडवर एकूण किती एवढंच बांधलंय. १०० केव्हीएच्या लेव्हल २ या कार्यक्षमतेच्या पायरीला ४७५ आणि १६५० वॅट. यात बसणारा साध्या सीआरजीओ, म्हणजे नेहमीच्या सिलिकॉन स्टीलच्या पत्र्याच्या, कोरचा ट्रान्सफॉर्मर साधारण १४० वॅट नो-लोड आणि १३४० वॅट लोड लॉसचा करता येतो (अर्ध्या लोडला लोड लॉस पाव होतो, म्हणून १४० अधिक १३४० चा पाव हिस्सा, बरोब्बर ४७५). म्हणजे तुमची तुलना २६० शी नाही, १४० शी आहे. वाचतात ८० वॅट, २०० नाही.

आता दुसरी बाजू, जी कोटेशनमध्ये कोणी ठळक लिहीत नाही. अमॉर्फसची पट्टी म्हणजे लोखंड-सिलिकॉन-बोरॉनचा वितळलेला रस फिरत्या तांब्याच्या चाकावर सोडून सेकंदाला दहा लाख अंशांच्या वेगानं थंड केलेला असतो, त्यामुळे त्यात स्फटिकाचे कण तयारच होत नाहीत, चुंबकत्व दर सायकलला उलटसुलट व्हायला फार कमी ऊर्जा लागते. आणि पट्टी फक्त ०.०२५ मिमी जाड, सीआरजीओच्या पत्र्याच्या दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणून एडी करंटही एकदम कमी. पण हेच मटेरियल १.५६ टेस्लाला सॅच्युरेट होतं, सीआरजीओ २ टेस्लाच्या आसपास जातो. त्यात इतक्या पातळ पट्ट्या एकावर एक रचल्या की मधे फटी जास्त राहतात. दोन्हीमुळे कोर जाड करावा लागतो, जाड कोरभोवती वाइंडिंगचा प्रत्येक वेढा लांब होतो, वेढा लांब की रेझिस्टन्स जास्त, आणि मग लोड लॉस वाढतो. तो कमी ठेवायचा तर जास्त तांबं किंवा ॲल्युमिनियम घालावं लागतं, म्हणजे पुन्हा किंमत. त्यामुळे ६० वॅट नो-लोड आणि १५८० वॅट लोड लॉस असं डिझाइन लेव्हल २ मध्ये आरामात बसतं (अर्ध्या लोडला ४५५, पूर्ण लोडला १६४०) आणि कमीत कमी किमतीला माल द्यायचा असलेला मेकर असंच काहीतरी देणार.

म्हणजे नो-लोडमध्ये ८० वॅट कमावले आणि पूर्ण लोडला २४० वॅट घालवले. लोड लॉस लोडच्या वर्गानं बदलतो, त्यामुळे साधारण ५८ टक्के लोडला दोन्ही बरोबरीत येतात. त्याच्या खाली अमॉर्फस चांगला, त्याच्या वर साधा सीआरजीओ चांगला. अख्खा प्रश्न इथंच आहे, तुमची डीपी वर्षभर कुठल्या बाजूला असते.

गावठाणची डीपी घ्या. २४ तास चालू, संध्याकाळी सात ते दहा पीक, समजा ५० केव्हीए, रात्री एक नंतर पाच-सात केव्हीएसुद्धा नसतो. वर्षाचा लोड फॅक्टर, म्हणजे सरासरी लोड भागिले पीक, ३५ टक्के धरू (मे महिन्यातलं रीडिंग घेऊन धरू नका, नागपूरच्या उन्हाळ्यात घराघरात कूलर रात्रभर चालतात, तो आकडा वर्षाला लागू नाही). सरासरी लोड लॉस पीकच्या लॉसच्या किती पट हे सांगणारा लॉस लोड फॅक्टर काढायला लोड फॅक्टरचे ०.२ पट अधिक त्याच्या वर्गाचे ०.८ पट, येतात ०.१६८. पीकच अर्ध्या क्षमतेवर आहे म्हणून त्याचा पुन्हा पाव हिस्सा, ०.०४२. म्हणजे वर्षभराच्या सरासरीत सीआरजीओचा लोड लॉस ५६ वॅट आणि अमॉर्फसचा ६६. नो-लोडचे ८० वाचले त्यातून हे १० गेले, निव्वळ ७० वॅट, वर्षाचे ८७६० तास, झाले ६१३ युनिट.

आता दर. सप्लायरनं बहुतेक ग्राहकाच्या बिलातला दर लावला असणार. ग्राहकाला वीज विकून आपल्याला काय मिळतं ते इथं लागत नाही, लॉस वाचला की आपण तेवढी वीज कमी विकत घेतो, म्हणून वीजखरेदीचा दर, ट्रान्समिशन आणि ११ केव्हीपर्यंतचा लॉस धरून. समजा ५ रुपये. वर्षाला ३०६६ रुपये. अमॉर्फसचे जास्तीचे पैसे समजा एका नगाला २५,००० (तुमच्या कोटेशनमधला फरक टाका), तर आठ वर्षं. सप्लायरच्या पद्धतीनं २०० वॅट आणि ९ रुपये लावले की तोच माल वर्षाला १५,७६८ रुपये वाचवतो, म्हणून "दोन वर्षांच्या आत".

आठ वर्षं वाईट का? गावठाणात नाही. २५ वर्षं आयुष्य आणि १० टक्के व्याज धरलं तर दर वर्षाला वाचणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत ९.०८ रुपये होते, म्हणजे ३०६६ चे साधारण २७,८०० रुपये. २५,००० देऊन २७,८०० मिळतात, घ्या. पण बघा किती काठावर आहे, फरक ३०,००० झाला की गेलं. आणि हे सगळं डीपी २५ वर्षं टिकली तर, सहाव्या वर्षी जळली तर मुद्दलही निघत नाही.

कृषी फीडरला मात्र घेऊ नका, हे मी ठाम सांगतो. वेगळ्या केलेल्या कृषी फीडरवर थ्री फेज सप्लाय ८ तास, बाकी वेळ फीडरच बंद. फीडर बंद तर नो-लोड लॉस सीआरजीओचाही शून्य, वाचवणार काय? वर्षाचे २९२० तास, ८० वॅटनं २३४ युनिट. आणि संत्र्याच्या बागांना, गव्हा-हरभऱ्याला पाणी चालू असतं तेव्हा सगळ्या मोटरी एकदम सुरू, डीपी ८० टक्क्यांवर किंवा त्याच्याही वर. त्या वेळी अमॉर्फसचा लोड लॉस १५४ वॅट जास्त असतो. असे १२० दिवस धरले तरी १४८ युनिट परत गेले. राहिले ८६ युनिट, वर्षाला ४३० रुपये. २५,००० वसूल व्हायला ५८ वर्षं. बागायती पट्ट्यात मोटरी त्याहून जास्त दिवस चालल्या तर उलटा तोटा.

चालू असलेली जुनी २६० वॅटवाली डीपी काढून अमॉर्फस बसवा असंही कोणी सांगेल. तिथे वाचवणूक खरंच मोठी, वर्षाला १८०० युनिटच्या वर, पण तिथे खर्च फरकाचा नसतो, पूर्ण नवीन ट्रान्सफॉर्मरचा असतो. दोन लाख धरले तर बावीस वर्षं. जळाल्यावरच बदला.

आता रिपेअर, कारण इथं माझे हात पोळलेत. ॲनीलिंग झालं की ही पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. कोर खालून किंवा वरून उघडणाऱ्या जॉइंटचा असतो, पट्ट्यांची टोकं थोडी थोडी सरकवून एकमेकांत घातलेली. कॉइल बदलायची तर ती टोकं एकेक गठ्ठा उघडून नंतर त्याच क्रमानं परत बसवावी लागतात, आणि कोर नुसता टांगलेला राहिला पाहिजे, त्यावर कॉइलचं किंवा क्लॅम्पचं वजन आलं की ताणामुळेच लॉस वाढतो. आमच्याकडे एका ठेकेदाराकडून १०० केव्हीएचा रिपेअर होऊन आला. प्लेटवर ६०, ठेकेदाराच्या रिपोर्टमध्ये ६८, आणि आमच्या बेंचवर ११२ वॅट. रिपोर्ट नीट वाचला तर टेस्ट ४०० व्होल्टला केलेली, ४३३ ला नाही. तेवढ्यानं पंधरा टक्के कमी दिसतं. पण बाकीचा फरक? तेल काढलं तर टाकीच्या तळाशी चमचमणारे बारीक तुकडे, नखाएवढे आणि त्याहून बारीक, हातात घेतले की कड कड मोडायचे. जॉइंट परत लावताना टोकं मोडली होती आणि क्लॅम्प सीआरजीओसारखा आवळून टाकला होता. ५२ वॅट असे गेले, म्हणजे ८० पैकी २८ उरले, लोड लॉसचे १० काढले की १८. पेबॅक तीस वर्षांच्या वर. आणि ते तुकडे तेलातून वाइंडिंगपर्यंत गेले असते तर डीपीच गेली असती.

म्हणून माल आला की आणि रिपेअर होऊन आला की दोन्ही वेळा स्वतः मोजा. एचटी उघडी, एलटीला बरोब्बर ४३३ व्होल्ट, तिन्ही फेज सारखे. १०० केव्हीएचा पूर्ण करंट १३३ अँपिअर, पण नो-लोडला अर्धा-पाऊण अँपिअरच वाहतो, त्यामुळे १०० बाय ५ ची सीटी लावून मोजायला गेलात तर काहीच्या काही दिसेल, वॅटमीटर डायरेक्ट जोडा आणि लो पॉवर फॅक्टरचा घ्या. डिझेल जनरेटरवर घेतलेलं रीडिंग मानू नका, वेव्हफॉर्म वाकडा असतो. पहिल्या दिवसाचं रीडिंग नंबरासकट वहीत लिहून ठेवा, पुढे भांडायला तेच कामाला येतं.

तुमच्या ऑर्डरला मी असं करीन: गावठाणचे नग वेगळे, कृषीचे वेगळे, दोन लॉट. गावठाणच्या लॉटमध्ये किंमत एकटी बघू नका, नो-लोडच्या प्रत्येक वॅटला ३९८ रुपये (५ रुपये दर, १० टक्के, २५ वर्षं) आणि लोड लॉसच्या प्रत्येक वॅटला १७ रुपये किमतीत मिळवा, ज्याची बेरीज कमी तो घ्या, मग कोर कुठला हा वादच नाही. हे दोन्ही आकडे टेंडरमध्येच छापा, म्हणजे मेकर लोड लॉसही जागेवर ठेवेल. गॅरंटी रिपेअर मेकरच्याच कारखान्यात होईल हेही लिहून घ्या.

गावठाणच्या डीपींचं मीटर रीडिंग असेल तर प्रत्येकीचा पीक आणि वर्षाचे युनिट इथं टाका, कुठल्या डीपीला बसतं ते एकेक करून काढू.