गजराची लय चढवताना टाळ्या का फुटतात

प्रश्न: आमच्या मंडळात शेवटी एकच ओळ जलद करत नेतो, पण दोन-तीनशे लोकांच्या टाळ्या मध्येच विस्कटतात. ढोलकीवाल्याने लय किती आणि कशी वाढवावी?

ढोलकीवाल्याने वाढवूच नये. वाढवायची ती पुढे गाणाऱ्याने, आणि तीही फक्त स्वतःची ओळ आली की. ढोलकीने ती तेवढ्यावर धरून ठेवायची. आमच्या घरात हा वाद कित्येक वर्षं चालू आहे, कारण पुढे मी गाते आणि ढोलकीवर माझे दीर असतात.

गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला आमच्या मानेवाड्याच्या लेआउटमधल्या मैदानात मांडव असतो. पिठलं-भाकरीच्या पंगती बसण्याआधी शेवटचा गजर 'गण गण गणात बोते'. टाळ्यांसाठी याहून सोयीची ओळ नाही, चार शब्द आणि चार टाळ्या. तरी एका वर्षी तो असा फुटला की मागच्या रांगांनी हात खाली घेतले आणि भाकरीच्या टोपल्यांकडे पाहू लागल्या. भाऊजी लय सरकवत सरकवत नेत होते, दर ओळीला थोडी थोडी. खाली उतरल्यावर मी बोलले तर म्हणाले, "वहिनी, पब्लिकच मागे पडून राहिली होती, म्हणून तर मी ओढत होतो."

पब्लिक मागे पडली नव्हती, त्यांना ती मागे ऐकू येत होती. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. आमची शेवटची रांग स्टेजपासून ३५ मीटरवर. म्हणजे आमचा ठेका तिथे सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोहोचतो आणि त्यांची टाळी परत आमच्यापर्यंत यायला तेवढाच वेळ आणखी लागतो. मागच्या माणसाने अगदी बरोबर टाळी दिली तरी स्टेजवर ती ०.२ सेकंद उशिराच लागणार. सुरुवातीला मिनिटाला ७२ टाळ्या असतात तेव्हा दोन टाळ्यांत ०.८ सेकंदाहून जास्त अंतर असतं, उशीर खपून जातो. १४० वर ते अंतर ०.४३ सेकंद उरतं. मग मागची टाळी बरोब्बर दोन टाळ्यांच्या मध्ये पडते. ढोलकीवाला तिला पकडायला गेला की लय हलते, लय हलली की पुढच्या रांगाही सुटतात. म्हणून स्टेजवरच्या माणसाने मागची टाळी ऐकायचीच नाही. पहिल्या तीन-चार रांगा ऐकायच्या, बस्स.

आता आम्ही काय करतो ते सांगते. सुरुवात ७२. तिथून ८०, ९०, १००, ११२, १२६, १४० अशा पायऱ्या, म्हणजे दर वेळी आधीच्या लयीच्या दहाव्या-आठव्या हिश्शाने वाढ. याहून बारीक पायरी घेतली तर लोकांना बदल झाल्याचं कळतच नाही आणि ते जुन्याच चालीत वाजवत राहतात. पाचव्या हिश्शाएवढी मोठी घेतली तर अर्धे लगेच उडी मारतात, अर्धे नंतर. प्रत्येक पायरीवर किमान चार जोड्या, एक ओळ माझी आणि एक लोकांची. लय फक्त माझ्या ओळीला बदलते. लोकांच्या शेवटच्या ओळीच्या टोकाला भाऊजी छोटं उठान देतात, मी नवीन लयीत ओळ टाकते, आणि लोकांना स्वतः म्हणण्याआधी नव्या लयीच्या चार टाळ्या मिळतात. त्या चार टाळ्यांतच गर्दी जुळते. लय ओळीगणिक सरकत असेल तर तिला जुळायला जागाच मिळत नाही. शिवाय गर्दी रंगात आली की आपण न वाढवताही थोडी पळतेच. त्यात ढोलकीनेही ओढलं तर लय कोणाच्याच हातात राहत नाही.

वर चढायचं की थांबायचं हे 'बोते'वरून ओळखायचं. त्या टाळीचा एकच टप्प आवाज आला तर चढा. पसरून 'टररर' आला तर आणखी दोन जोड्या तिथेच राहा. तेव्हा लय कमी करू नका, त्याने गोंधळ दुप्पट होतो.

आणि खंजिरी. आपल्या विदर्भात तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे ती बहुतेक मंडळांकडे असतेच. ती मांडीजवळ धरून वाजवू नका, एकाने स्टेजच्या टोकावर उभं राहून डोक्याच्या वर धरून वाजवावी. डोळ्यांना दिसणारा हात शेवटच्या रांगेपर्यंत त्याच क्षणी पोहोचतो, ढोलकीचा आवाज नाही. आमच्याकडे मागच्या रांगा सावरल्या त्या मुख्यतः याने.

१४० वर मात्र टाळ्या अर्ध्या करायच्या. खंजिरीवाली फक्त पहिल्या 'गण'ला आणि 'गणात'ला हात मारते, दोन-तीन ओळींत लोक तिच्यासारखंच करू लागतात. टाळी एकदम ७० वर येते, जिथून सुरुवात केली तिथेच. तळहातांना विसावा मिळतो, मागच्यांचा उशीर पुन्हा खपतो, आणि शब्द मात्र धावत राहतात. मग ओळ १६० च्या हिशेबाने नेली तरी टाळी ८० चीच असते. भाऊजींना वाटतं की याने जोश उतरतो. २००० साली 'नेचर' या नियतकालिकात रुमानिया आणि हंगेरीतल्या नाट्यगृहांतल्या टाळ्यांचा अभ्यास छापून आला होता. तिथेही प्रेक्षक एका तालात आले ते टाळीचा वेग जवळपास निम्मा केल्यावर, आणि आवाज वाढवायला वेग वाढवला की पुन्हा फुटले. मी तो त्यांना वाचून दाखवला. त्यांचं उत्तर, "ते नाटकवाले, आपलं भजन आहे." टाळी माणसाच्याच हाताची ना, भाऊजी!

यंदा गजर नीट झाला तर त्यांनी श्रेय नव्या स्पीकरला दिलं. स्पीकर दोन्ही वर्षी स्टेजलाच होते, बदललं होतं ते एवढंच की ढोलकी पायरीवर थांबत होती.

सगळा गजर अडीच-तीन मिनिटांत आटोपतो. तालमीला मोबाइलवरचा मेट्रोनोम लावून या सात लयी कानात बसवा, कार्यक्रमात तो लावू नका.

हे सगळं मोठ्या मैदानासाठी. घरच्या बैठकीत तीस-चाळीस माणसं असतील तर उशिराचा प्रश्नच नाही, तिथे सरकवत नेलं तरी चालतं. तुमची ओळ दादऱ्यात असेल तर टाळी अर्धी करण्याची युक्ती नीट बसत नाही. सहा मात्रांना मुळात दोनच टाळ्या, त्यातली एक काढली की उरलेली लोकांना फार लांब वाटते. दादऱ्याची ओळ १२० च्या आसपास थांबवून तिथेच संपवावी. आणि मैदानाच्या मध्यावर जास्तीचे स्पीकर लावणार असाल तर साउंडवाल्याला त्यांचा डिले लावायला सांगा, २० मीटरला साधारण ६० मिलिसेकंद. नाहीतर मागच्यांना ठेका दोनदा ऐकू येतो आणि वरचं काहीच उपयोगाला येत नाही.