मुलगी सात वर्षांची आहे. जूनमध्ये घेतलेले शाळेचे बूट दिवाळीपर्यंत लहान होतात. अंगठाभर जागा ठेवा म्हणतात ती नक्की किती, आणि माप पुन्हा कधी बघायचं?

माझं चपला-बुटांचं दुकान आहे आणि हा अंगठा रोज ऐकतो. मोठ्या माणसाचा अंगठा जवळजवळ 2 सेंटिमीटर रुंद असतो. तेवढी जागा सोडली तर पाऊल बुटात पुढे-मागे सरकतं, टाच निघते आणि मूल बोटांनी बूट धरून चालायला लागतं. सात वर्षांच्या पावलापुढे 12 मिलिमीटर पुरे, म्हणजे साधारण तुमच्या करंगळीच्या रुंदीएवढी जागा.

बुटाचं टोक दाबून बघण्यावर माझा भरवसा नाही. काळ्या बुटाचं टोक कडक असतं आणि दाबलं की मुलं बोटं आखडून घेतात. त्यापेक्षा संध्याकाळी शाळेचे मोजे घालून मुलीला कागदावर उभं करा, टाच भिंतीला टेकवा आणि सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. दोन्ही पावलं मोजा, कारण ती क्वचितच सारखी असतात. समजा डावं 19.2 आणि उजवं 19.5 सेंटिमीटर आलं, तर मोठं धरून पुठ्ठ्याची 20.7 सेंटिमीटरची बोटभर रुंद पट्टी कापा. ती घेऊनच दुकानात जा. बुटात सरकवल्यावर पट्टी वाकली तर बूट लहान.

या वयात पाऊल महिन्याला साधारण 1 मिलिमीटर वाढतं. जूनमध्ये 12 मिलिमीटर असतील तर दिवाळीला 7 उरतात, म्हणजे बूट अजून चालतो. तुमचे तेव्हाच लहान होतात, याचा अर्थ बहुधा घेतानाच जागा कमी होती. 5-6 मिलिमीटर उरले की नवे घ्या. वर्षभर टिकावेत म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका: आपल्याकडच्या नंबरांत एक नंबर साडेआठ मिलिमीटरचा असतो, दोन म्हणजे 17. या वयात वर्षाला दोन जोड लागतात, खर्च तसाच धरा.

वाढ एकसारखी होत नसल्याने दर दोन महिन्यांनी बघा. बुटाचा सुखतळा निघत असेल तर त्यावरच मुलीला उभं करा आणि बोटापुढची जागा मोजा. चिकटवलेला असेल तर बुटात नेमकी बसणारी पट्टी कपाटात ठेवून द्या, तिच्यावर उभं केलं तरी तेच कळतं. लहान मुलांचं पाऊल मऊ असतं, ती दुखतंय असं सांगतीलच असं नाही. मोजा अंगठ्यापाशी फाटणं, बोटाच्या टोकावर लाल डाग किंवा बुटाची टाच मोडून पाय घालणं दिसलं की दोन महिने थांबू नका.

पीटीचे पांढरे कॅनव्हास बूट मात्र वेगळे मोजा. नंबर तोच असला तरी दोन कंपन्यांची आतली लांबी सारखी नसते.