पोर्टलवर पीकविमा ‘जमा’, पण पासबुकात नाही

प्रश्न : साहेब, खरिपातल्या सोयाबीनचा विमा मंजूर होऊन पैसे दिल्याचं पोर्टलवर दिसतंय. जिल्हा बँकेचं पासबुक भरून आणलं, एक रुपया नाही. बँकवाले म्हणतात आधार जोडलेलं आहे. मग पैसे गेले कुठं?

उत्तर : बँक खोटं बोलत नाही, पण ती केवायसीसाठी जोडलेल्या आधारबद्दल सांगते आहे. असं आधार कितीही खात्यांना जोडता येतं. आधारवर पाठवलेली रक्कम मात्र बँकांमधले असे व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नोंदीत ज्या एका बँकेचं नाव असतं, तिथेच पडते. नंतर दुसऱ्या बँकेत संमती दिली की ती नोंद तिकडे सरकते. सिमकार्ड घेताना अंगठा देऊन उघडलेलं एखादं पेमेंट्स बँकेचं खातं बऱ्याचदा इथे निघतं, आणि ते खातं आपल्याकडे आहे हेच शेतकऱ्याच्या लक्षात नसतं.

म्हणून आधी myaadhaar.uidai.gov.in वर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून Bank Seeding Status पाहा. तिथे बँकेचं नाव, Active की Inactive आणि नोंद बदलल्याची तारीख दिसते. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवरच येतो, तो फोन जवळ ठेवा.

समजा तिथे दुसऱ्याच बँकेचं नाव आणि Active निघालं. त्या बँकेत आधार घेऊन जा, खातं शोधायला सांगा आणि पोर्टलवरच्या तारखेपासूनचा खातेउतारा घ्या. रक्कम बहुधा तिथेच सापडेल. दोन वर्षं व्यवहार नसल्यानं खातं निष्क्रिय असेल, तर आधी केवायसी करून ते चालू करावं लागेल.

जिल्हा बँकेत संमती अर्ज देऊन नोंद तिकडे वळवता येते, पण तो बदल पुढच्या पैशांसाठी. आधी जमा झालेली रक्कम आपोआप तिकडे येत नाही, ती त्या खात्यातूनच काढावी लागते. महाडीबीटीवरचं अनुदानही आधारवरच येतं, त्यामुळे ही दुरुस्ती टाळू नका.

तिथेही पैसे नसतील किंवा स्थिती Inactive असेल, तर रक्कम परत गेली असण्याची शक्यता आहे. विम्याची पावती, सातबारा आणि दोन्ही बँकांचे उतारे जोडून विमा कंपनीच्या तालुका प्रतिनिधीला अर्ज द्या, प्रत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्या, आणि दोन्हीकडे पोच घ्या. अर्जात ‘पैसे मिळाले नाहीत’ एवढंच लिहू नका. ‘या पावती क्रमांकाचा यूटीआर क्रमांक, पैसे पाठवल्याची तारीख आणि ज्या बँकेत गेले तिचं नाव कळवा’ असं मागा. यूटीआर म्हणजे पैसे पाठवल्याच्या त्या एका व्यवहाराचा क्रमांक, तो हातात आला की बँकेला नेमकी ती नोंद शोधता येते. १४४४७ या पीकविमा हेल्पलाइनवर तक्रार केलीत तर तिचा क्रमांकही अर्जावर टाका.

आणि हो, पीककर्ज घेताना बँकेमार्फत विमा उतरवला असेल, तर कर्जखात्याचा उताराही मागा. बचत खात्याचं पासबुक कोरं आणि रक्कम कर्जात वळती, असंही निघतं.