रेघ पडते तिथे नाही, तिच्या आधी पाहा

“लिहिताना वाक्य ठीक वाटतं. वाचणारे म्हणतात, जड झालंय. मोठ्यानं वाचून पाहिलं, तरी नेमकं कुठे अडतंय ते मला सापडत नाही.”

लेखनाच्या समुपदेशनात ही तक्रार इतक्या जणांकडून येते, की त्यातली एकच हकिकत इथे मांडतो. संस्थेचे अहवाल लिहिणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना सांगितले होते: मजकूर दुप्पट ओळींच्या अंतराने छापून घ्या, हातात पेन्सिल ठेवा, बातम्या वाचतात त्या संथ गतीने वाचा आणि जिथे श्वास घ्यावा लागेल तिथे उभी रेघ मारा. वाचताना दुरुस्ती करायची नाही, नुसत्या खुणा. तीन पाने वाचून त्या आल्या, तेव्हा पूर्णविराम सोडले तर रेघा दोनच.

“मला श्वास कमी पडलाच नाही,” त्या म्हणाल्या.

समोर बसवून त्यांच्याकडून हे वाक्य वाचून घेतले:

“संस्थेच्या वाचनालयाच्या सभासदांच्या तक्रारींच्या निवारणासाठी मागील वर्षी नेमण्यात आलेल्या समितीने सादर केलेल्या अहवालात सुचवण्यात आलेल्या उपाययोजनांपैकी बहुतांश उपाययोजना अद्याप अमलात आणल्या गेलेल्या नाहीत.”

“‘सुचवण्यात आलेल्या’नंतर थांबलात ते कशासाठी?”

“थांबले? मी?”

पुन्हा वाचले. पुन्हा तिथेच एक चोरटा श्वास, आणि त्यानंतर शेवटचे शब्द घाईने, उतरत्या आवाजात. लेखकाला वाक्य कुठे जाणार आहे ते आधीच ठाऊक असते, म्हणून दम संपत आला की तो वेग वाढवून शेवट गाठतो आणि आपण अडलो हे त्याच्या ध्यानातही येत नाही. त्यामुळे श्वासाच्या रेघेबरोबर, गती वाढली तिथे शब्दांखाली नागमोडी रेघ मारायची, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो. स्वतःची घाई स्वतःला ऐकू येत नसेल, तर फोनवर ध्वनिमुद्रण करावे आणि ते ऐकताना खुणा कराव्यात.

पुढच्या वेळी बाईंनी रेघ पडली तिथे स्वल्पविराम टाकून आणला. सगळेच जण आधी हे करतात. पण ‘सुचवण्यात आलेल्या, उपाययोजनांपैकी’ असे लिहिले, की विशेषण आणि त्याचे नाम यांच्यामध्ये भिंत उभी राहते. श्वास तिथे संपला, एवढेच रेघ सांगते. तो कशात खर्च झाला, हे रेघेपासून मागे जात शोधावे लागते.

“मागे मोजा. ‘च्या’ किती?”

“चार, सलग.”

“आणि ‘आलेल्या’, ‘केलेल्या’?”

“तीन.” थोडे थांबून त्या म्हणाल्या, “म्हणजे उपाययोजना येईपर्यंत सगळं वाचणाऱ्यानं डोक्यावर धरून ठेवायचं!”

माझ्या मते अडचणीचे मूळ हेच आहे. मराठीत विशेषणे नामाच्या आधी येतात आणि क्रियापद बहुधा शेवटी. नामाआधीची रांग लांबली, की अर्थ कुठेच टेकत नाही. अर्थ टेकला नाही, की श्वासालाही हक्काची जागा मिळत नाही. म्हणून मी शब्दसंख्येच्या नियमावर विसंबत नाही. वरचे वाक्य तेवीस शब्दांचे आहे. आता हे वीस शब्दांचे वाचा: “सभासद तक्रार लिहून देतात, कारकून ती वहीत नोंदवतो, समिती दर आठवड्याला ती वही पाहते, आणि तरीही उत्तर जायला महिना लागतो.” लांबी जवळपास तेवढीच, पण दम लागत नाही, कारण दर चार-सहा शब्दांनी एक क्रियापद येते आणि तिथे श्वास घेता येतो.

बाईंचे वाक्य आम्ही ‘-लेल्या’ला हात घालून सोडवले. अशा प्रत्येक शब्दात एक क्रियापद दडलेले असते, ते मोकळे करायचे. “वाचनालयाच्या सभासदांच्या तक्रारी सोडवण्यासाठी संस्थेने मागील वर्षी समिती नेमली. समितीने अहवालात काही उपाय सुचवले, पण त्यांतले बहुतेक अजून अमलात आलेले नाहीत.” पहिल्या प्रयत्नात त्यांनी पाच तुकडे केले होते. वाचताना दर तीन शब्दांना ठेच लागत होती, म्हणून ‘पण’ने दोन तुकडे परत जोडले.

या पद्धतीला मर्यादा आहेत. सर्दी झालेली असताना किंवा जिना चढून आल्या आल्या वाचले, तर भलत्याच ठिकाणी रेघा पडतात. म्हणून दुसऱ्या दिवशी कोऱ्या प्रतीवर पुन्हा वाचावे आणि दोन्ही दिवशी जिथे रेघ आली, तेवढ्याच जागा हाती घ्याव्यात. एका बैठकीला दोन पाने पुरेत, पुढे कान थकतो. आणि अर्थाचा घोटाळा श्वासाला कळत नाही: ‘तो’ म्हणजे नेमका कोण, हे संदिग्ध असलेले वाक्यही एका दमात सुरळीत वाचून होते.

बाईंच्या शेवटच्या अहवालात चार पानांवर एकतीस रेघा होत्या. त्यांतल्या एकोणतीस क्रियापदानंतर पडल्या होत्या. उरलेल्या दोन जागा त्यांनी माझ्याकडे येण्याआधीच सोडवल्या होत्या.