खेकडा कधी खाल्ला नाही तरी टेस्ट पॉझिटिव्ह का येते?

प्रश्न: नवऱ्याला कोळंबी खाल्ली की ओठ सुजतात आणि अंगावर गांधी उठतात. ब्लड टेस्ट केली तर कोळंबीसोबत खेकडा, शेवंड आणि घरातल्या धुळीतले माइट पण पॉझिटिव्ह आलेत. त्यांनी शेवंड आयुष्यात खाल्ली नाही. लॅबवाल्यांनी काही घोळ घातला का?

उत्तर:

घोळ नसावा. असाच रिपोर्ट माझा पण आहे. मी सोलापुरात बायोकेमिस्ट्री शिकवतो आणि स्वतः कोळंबीचा पेशंट आहे, त्यामुळे हा विषय पुस्तकातून कमी आणि स्वतःच्या अंगावरून जास्त शिकलोय.

माझं सुरू झालं मालवणला. कोळंबी फ्राय खाल्ली, अर्ध्या तासात तळहात खाजायला लागले, मग पोटावर गांधी. घरी आल्यावर आईनं निदान केलं "पित्त उठलंय", आमसुलाचं पाणी लावलं, विषय संपला. नंतर पावसाळ्यात भावानं भीमेकाठच्या गावातून खेकडे आणले आणि मी शहाणपणा करून म्हटलं खेकडा नको, नुसता रस्सा द्या, भाकरी कुस्करून खातो. दोन वाट्या झाल्या आणि ओठ वडापावसारखे. तेव्हा कळलं की पित्ताचा इथं काही संबंध नाही, आणि रस्सा म्हणजे सुद्धा खेकडाच.

दोन्हीच्या मागे एकच प्रोटीन आहे, ट्रोपोमायोसिन. ते स्नायूत असतं, स्नायू कधी आवळायचा कधी सैल सोडायचा याच्यावर लक्ष ठेवायचं काम करतं. मुंगीपासून माणसापर्यंत सगळ्यांकडे असतं. दिसायला कसं, तर आपल्याकडे चादरीसाठी दोन पदर एकमेकांवर पिळून सूत करतात ना, अगदी तसं, दोन लांब साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या. बऱ्याच प्रोटीनचा उकळल्यावर गोळा होतो, अंड्याचा पांढरा भाग एकदा घट्ट झाला की परत पातळ होत नाही. हे मात्र तापवल्यावर पीळ सोडतं आणि गार झालं की परत पीळ धरतं, वर पाण्यात छान विरघळतं. म्हणून कोळंबी कितीही शिजवा, तळा, अॅलर्जी जात नाही, उलट रश्श्यात उतरते. काही जणांना शिजताना निघणाऱ्या वाफेचा पण त्रास होतो.

आता खेकडा आणि शेवंड का. प्रत्येक साखळीत 284 अमिनो आम्लं एका ओळीत असतात. कोळंबीची ओळ आणि खेकड्या-शेवंडीची ओळ शेजारी ठेवली तर 90 टक्क्यांहून जास्त अक्षरं तीच. तुमच्या नवऱ्याच्या शरीरानं कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनविरुद्ध आयजीई नावाची अँटीबॉडी बनवलीय, ती या साखळीचे ठराविक तुकडे ओळखून धरते. ते तुकडे शेवंडीत जसेच्या तसे आहेत. तिला काय माहीत हा माणूस शेवंड कधी ऑर्डर करतच नाही, तुकडा दिसला की पकडला. टेस्ट ट्यूबमधे तेच झालं.

माइटचं पण तेच. गादीत, गोधडीत, उशीत राहणारा हा प्राणी डोळ्याला दिसत नाही, पण कोळंबीसारखाच सांध्यासांध्याच्या पायांचा, त्याच मोठ्या खानदानातला, झुरळ पण त्यातलंच. माइटचं ट्रोपोमायोसिन कोळंबीशी साधारण 80 टक्के जुळतं, म्हणजे 284 पैकी सव्वादोनशेच्या आसपास. कोंबडी, बोकड यांचं मात्र निम्म्याच्या थोडं वर जुळतं आणि ते आपल्या स्वतःच्या ट्रोपोमायोसिनसारखं असल्यामुळे शरीर त्याच्याशी सहसा भांडत नाही. म्हणून मी मटण बिनधास्त खातो.

पण इथंच लोकांची खरी गडबड होते. कॉलेजमधल्या माझ्या एका सहकाऱ्याचं उदाहरण देतो, लिंगायत घर, अंडंसुद्धा कधी खाल्लं नाही, सकाळी उठल्या उठल्या वीस शिंका. मोठं अॅलर्जी पॅनल केलं त्यात माइट जोरात पॉझिटिव्ह आणि कोळंबी पण पॉझिटिव्ह! घरी गोंधळ, बायको विचारते कुठं खाऊन आलात. खरं तर आयुष्यभर श्वासातून आत जाणाऱ्या माइट आणि झुरळाच्या धुळीविरुद्ध त्याच्या शरीरानं अँटीबॉडी बनवली होती आणि तीच कोळंबीला चिकटली. कोळंबी-खेकडा धर्मानं वर्ज्य असलेल्या, माइटची अॅलर्जी असणाऱ्या कर्मठ ज्यूंच्या रक्तात पण कोळंबीच्या ट्रोपोमायोसिनला धरणारी आयजीई सापडल्याचं 2003 साली छापून आलंय.

म्हणून आकडा पॉझिटिव्ह म्हणजे अँटीबॉडी आहे एवढंच, खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. 0.35 च्या वर आलं की लॅब पॉझिटिव्ह लिहिते, पण खाऊन काय झालं हा इतिहास त्या आकड्यापेक्षा मोठा. तुमच्या नवऱ्याला कोळंबीनं खरंच त्रास झालाय, म्हणजे तिथं शंका नाही. खेकडा आणि शेवंड त्यांनी घरी "बघू तरी" म्हणून अजिबात चाखू नये, माझा रश्श्याचा किस्सा वाचलातच. खात्री करायची असेल तर हॉस्पिटलमधे अॅलर्जीतज्ज्ञासमोर थोडं थोडं वाढवत खायला देऊन बघतात, तेवढाच मार्ग.

माइटचं वेगळं बघा. त्यांना शिंका, दमा, नाक चोंदणं असं काही आहे का? नसेल तर तो पॉझिटिव्ह बहुतेक कोळंबीचीच सावली आहे, त्याच्यासाठी घरातल्या गाद्या फेकू नका. असेल तर कंपोनंट टेस्ट करून विचारा. त्यात माइटची प्रोटीनं वेगवेगळी मोजतात, Der p 1 आणि Der p 2 ही माइटची मुख्य, आणि Der p 10 हे त्याचं ट्रोपोमायोसिन. माझं Der p 10 चांगलंच वर होतं आणि पहिली दोन निगेटिव्ह, म्हणजे धुळीचा मला तसा त्रास नाही, सगळी करणी कोळंबीची. त्या सहकाऱ्याची तिन्ही वर. पहिली दोन वर आणि 10 निगेटिव्ह आलं तर माइट आणि कोळंबी या दोन स्वतंत्र अॅलर्जी धरायच्या. आणि क्वचित असंही असतं की कोळंबी खाऊन अंग सुजतं पण ट्रोपोमायोसिन निगेटिव्ह, कारण कोळंबीत आर्जिनिन कायनेज वगैरे दुसरी अॅलर्जी देणारी प्रोटीनं पण आहेत. त्यामुळे एवढ्या एका निगेटिव्हवर कोळंबीची पार्टी करू नये.

सुरमई, पापलेट, रोहू याची भीती नको, माशाची अॅलर्जी बहुतेक वेळा पार्व्हाल्ब्युमिन नावाच्या वेगळ्याच प्रोटीनची असते. फक्त हॉटेलात कोळंबी तळलेल्या तेलात सुरमई तळतात का ते विचारा. आणि बाजारातली सुकट, जवळा, सोडे लक्षात ठेवा, ती पण कोळंबीच, वाळवल्यानं काही फरक पडत नाही. मला एकदा नुसत्या जवळ्याच्या चटणीनं झोपवलंय. शिंपल्या, माकूळ यांच्यात जुळणी कमी असते, पण शून्य नाही, त्यामुळे ते पण डॉक्टरांना विचारूनच.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. नुसत्या गांधी असतील तर सेट्रिझिननं भागतं, पण आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली किंवा गांधींसोबत उलट्या सुरू झाल्या तर गोळीची वाट बघत बसू नका. तेव्हा मांडीच्या स्नायूत अॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, त्यांना आडवं झोपवा, श्वास लागत असेल तर बसू द्या, आणि सरळ कॅज्युअल्टी गाठा. दारात पोचल्या पोचल्या पहिलं वाक्य "कोळंबीची अॅलर्जी आहे" हेच बोला, माझ्या वेळी आम्ही आधी केसपेपर काढत बसलो होतो.